केसांभोवतीची पांढरी कड

पांढऱ्या भिंतीसमोरचा फोटो कापून गडद पार्श्वभूमीवर ठेवला की केसांभोवती पांढरी कड उमटते. कारण कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि भिंत, दोन्हींचे रंग मिसळलेले असतात. खांद्यांपाशी मास्क एक-दोन पिक्सेल आत घेतला की काम होतं. केसांवर मात्र तोच उपाय केला तर बारीक बटाच नाहीशा होतात आणि डोक्यावर टोप बसवल्यासारखा दिसतो.

म्हणून फोटोशॉपच्या Select and Mask मधला Refine Edge Brush फक्त केसांच्या कडेवरून फिरवावा. तरी पांढुरकेपणा उरतोच. मग वर क्लिपिंग लेयर घेऊन, आतल्या केसांचा रंग उचलून मऊ ब्रशने कडेवर भरावा. पारदर्शकता मास्क सांभाळतो, बदलतो तो फक्त रंग. मागे आलटून पालटून काळा आणि पांढरा रंग ठेवून तपासावं. मूळ फोटोतच धूसर झालेली बट मात्र यानेही परत येत नाही.