रात्रीचा व्हिडिओ उजळताना

विसर्जन मिरवणुकीचा फोनवरचा व्हिडिओ घ्या. ढोलवाले अंधारात, वर रस्त्यावरचा दिवा पांढराफटक. ब्राइटनेस वाढवला तर अंधार राखाडी होतो आणि दिव्याभोवतीचं वलय फुगतं.

डाविंची रिझॉल्व्हमध्ये आधी वेव्हफॉर्म उघडा. तळाला ० म्हणजे काळं, वर १०२३ म्हणजे पांढरं. दिवा वरच्या रेषेला सपाट चिकटलेला दिसला, तर तिथला तपशील गेलाच. खाली ओढलात तर पांढऱ्याचा मळकट राखाडी होईल, बाकी काही नाही.

म्हणून Gain ऐवजी Gamma थोडा वाढवा. त्याची टोकं जागच्या जागी राहतात, मधले चेहरे उजळतात. पण वलयही थोडं वर सरकतं. त्यासाठी कर्व्हच्या वरच्या चतुर्थांशात एक बिंदू रोवा आणि फक्त खालचा भाग उचला. काळं फिकट वाटलं तर Lift किंचित खाली.

थांबायचं कुठे? काळ्या शर्टावर चौकोनी ठिपके वळवळू लागले की. साध्या ८ बिट फाइलमध्ये अंधारासाठी मोजक्याच छटा असतात. त्या ताणल्या की चौकोन उघडे पडतात. तिथून एक पाऊल मागे या. शर्ट काळाच राहू द्या, रात्रच होती ती.