डेस्कटॉपचे महिन्याचे वीजबिल

मोजा : पॉवर सप्लायवर लिहिलेले ६५० वॉट ही त्याची क्षमता आहे, खप नव्हे. खरा खप कळण्यासाठी भिंतीच्या सॉकेटमध्ये वॉटमीटर लावा. एक नोंद संगणक नुसता चालू असताना घ्या, दुसरी गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू असताना.

सूत्र : वॉट × महिन्याचे तास ÷ १००० = युनिट

उदाहरण : नुसता चालू असताना ६० वॉट, भार असताना ३०० वॉट. रोज ८ तास हलके काम आणि २ तास गेम धरले, तर ३० दिवसांत १४.४ आणि १८, म्हणजे ३२.४ युनिट होतात. १० रुपये दर धरल्यास ३२४ रुपये. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. त्यामुळे बिलाची सरासरी न घेता आपला खप ज्या टप्प्यात संपतो, तिथला दर वहन आकार व वीज शुल्कासह धरा.

निवड : या वापरात हलक्या कामाचा खप २५ वॉटने घटला, तर महिन्याला ६ युनिट वाचतात. ग्राफिक्स कार्ड बदलून गेमच्या वेळचा खप ८० वॉटने घटवला, तरी ४.८ युनिटच वाचतात. म्हणून आधी हलक्या कामातला खप पाहा. तो प्रोसेसरच्या टीडीपीवरून कळत नाही. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायचाही त्यात वाटा असतो.

परतफेड : ६ युनिटांचे ६० रुपये. त्यासाठी ३००० रुपये जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला ५० महिने लागतील.