सात ते नऊ : वसतिगृहातला जोडीचा अभ्यास

संध्याकाळी सातची घंटा झाली की मुली वह्या-पुस्तकं घेऊन हॉलमध्ये यायच्या, भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसायच्या आणि नऊ वाजेपर्यंत हॉलमध्ये शांतता असायची. तालुक्याच्या गावी मुलींच्या एका वसतिगृहात गृहपाल म्हणून मी रुजू झाले, तेव्हा तिथली ही शांतता पाहून मला बरं वाटलं होतं. आठवी ते दहावीच्या चाळीस मुली आणि आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा.

महिनाभरानं मी त्या दोन तासांत मुलींच्या मागून फिरत, त्या नेमकं काय करतात ते पाहायला लागले. बहुतेक जणी उतरवत होत्या. धड्याखालचा प्रश्न वहीत लिहायचा, गाइडमधलं उत्तर त्याखाली लिहायचं, की पुढचा प्रश्न. पावणेआठच्या सुमाराला अक्षर मोठं आणि तिरकं व्हायला लागायचं, ओळ रेघेवरून खाली घसरायची. एका मुलीच्या वहीत मला एकच वाक्य लागोपाठ दोनदा लिहिलेलं सापडलं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पहाटे पाचला उठून, आंघोळीच्या रांगेत उभं राहून, दिवसभर शाळा करून आलेल्या मुलीचा हात चालू होता आणि डोकं कधीच झोपलं होतं. गृहपाठ मात्र पूर्ण व्हायचा, त्यामुळे शाळेकडून तक्रार येत नव्हती.

वसतिगृहातल्या मुलीला घरच्या मुलीपेक्षा एक गोष्ट जास्त मिळते, ती म्हणजे तिच्याच इयत्तेतली, तोच धडा शिकून आलेली मैत्रीण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, तिथं जातीजातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. त्या एकत्र राहण्यातच त्यांनी शिक्षण पाहिलं होतं. आम्ही मात्र दिवसभर एकत्र असलेल्या मुलींना नेमकं अभ्यासाच्या वेळी एकमेकींपासून तोडून भिंतीकडे बसवत होतो. हे लक्षात आल्यावर आम्ही त्या दोन तासांची मांडणी बदलली.

पहिली वीस मिनिटं तोंडी, आणि तीही चालत. व्हरांड्यात दोघी-दोघी फेऱ्या मारतात. पुस्तक एकीच्याच हातात. ती विचारते, दुसरी पुस्तकाशिवाय सांगते. दहा मिनिटांनी पुस्तक दुसरीच्या हातात जातं. शब्दांचे अर्थ, इंग्रजी स्पेलिंगं, विज्ञानातल्या व्याख्या, इतिहासातली कारणं, पाढे, वर्ग, घन, असं सगळं यात बसतं. नियम एकच : उत्तर चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगायचं नाही. पहिला शब्द सांगायचा आणि थांबायचं. तरीही आलं नाही तर वाचून दाखवायचं आणि दोन फेऱ्या झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

ही पुन्हा विचारण्याची रीत जुन्या पंतोजींनाही ठाऊक होती. तिचा पडताळा अलीकडच्या प्रयोगांतही मिळतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांना साधारण ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं. ते वाटणं खोटं नसतं, पण आठवडाभर टिकत नाही. आमच्या मुलींचं उतरवणं तर पुन्हा वाचण्याहूनही हलकं होतं.

चालत तोंडी अभ्यास करण्याचा एक फायदा आधी सुचलाच नव्हता. लाइट गेली की पूर्वी अभ्यास बंद पडायचा. आता पुस्तक मिटून, आधी झालेलेच प्रश्न अंधारात चालू राहायचे.

त्यानंतर चाळीस मिनिटं जोडीनं लेखी. इथं आमची पहिली मोठी चूक झाली, आणि ती माझी होती. वर्गात पहिली आलेली आणि सगळ्यांत मागे असलेली अशा जोड्या मी लावल्या. पंधरा दिवसांत मागच्या मुलींच्या वह्या सुंदर झाल्या, सगळी गणितं बरोबर, आणि घटक चाचणीत गुण होते तेवढेच. पुढची मुलगी गणित सोडवत होती, मागची पाहून लिहीत होती. गाइडची जागा मैत्रिणीनं घेतली होती, एवढाच बदल. पुढच्या मुलीही कंटाळल्या, कारण त्यांना विचारण्यासारखं समोर कुणी नव्हतं. मग गणिताच्या गुणांची उतरती यादी करून मी शेजारशेजारच्या मुलींच्या जोड्या लावल्या. एकीला दुसरीपेक्षा थोडंच जास्त येत असेल तर दोघींनाही डोकं चालवावं लागतं. जोड्या दर पंधरा दिवसांनी बदलायच्या. जिवलग मैत्रिणींना एकत्र बसवायचं नाही, असं मी सुरुवातीला ठरवलं होतं. पुढे तो नियम सोडला, कारण त्यांच्या गप्पा पहिल्या पाच मिनिटांत संपतात, आणि मैत्रिणीपुढे ‘मला हे कळलं नाही’ म्हणायला मुलगी लाजत नाही.

दुसरा बदल पेन्सिलीचा. प्रत्येक जोडीत एक बोलणारी आणि एक लिहिणारी. बोलणारीच्या हातात पेन्सिल नाही. लिहिणारीनं आपल्या मनानं पुढची पायरी लिहायची नाही, फक्त सांगितलेलं लिहायचं, पण पटलं नाही तर ‘का?’ विचारायचं. पुढच्या गणिताला पेन्सिल बदलते. दोन जणींत एकच कच्ची वही. पक्क्या वहीत नंतर आपापलं.

आठवीतल्या एका जोडीपुढचं गणित मला अजून आठवतं. दुकानदारानं छापील किमतीवर शेकडा १५ सूट दिली आणि गिऱ्हाइकानं १०२० रुपये दिले, तर छापील किंमत किती? बोलणारी म्हणाली, ‘१०२० चे शेकडा १५ काढ.’ लिहिणारीनं १५३ लिहिले. ‘आता मिळव.’ ११७३ आले. तिनं खाली दोन रेघा मारल्या. एकटी असती तर गणित इथेच संपलं असतं. पण लिहिणारी म्हणाली, ‘थांब, ११७३ वर सूट देऊन बघू.’ शेकडा १५ काढले तर १७५ रुपये ९५ पैसे आले, आणि वजा करून उरले ९९७ रुपये ५ पैसे. १०२० नाहीत. दोघी गप्प झाल्या. मी मागेच उभी होते आणि सांगण्याचा मोह अनावर होत होता, पण थांबले. चारेक मिनिटांनी बोलणारी हळूच म्हणाली, ‘सूट कशावर दिली गं? १०२० वर नाहीच दिली ना.’ लिहिणारीनं वहीत १०० लिहिलं, त्याखाली १५ वजा केले, ८५. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. ८५ भाग म्हणजे १०२०, एक भाग १२, आणि शंभर भाग १२००. पुन्हा सूट देऊन पाहिली : १८० वजा, १०२०.

या एका गणिताला जवळजवळ पंधरा मिनिटं लागली. गाइडमधून उतरवलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. म्हणून जोडीच्या वेळात सगळा गृहपाठ बसत नाही, हे आधीच मान्य करावं लागतं. आम्ही तीनच गणितं जोडीनं करायचो, तीही अडणारी.

दोघीही चुकल्या आणि दोघींचंही एकमत झालं, तर काय? हे वरचेवर होतं आणि जोडीच्या अभ्यासातला खरा धोका हाच. त्यासाठी दाराशी एक फळा ठेवला. वर शीर्षक, ‘अडलं’. ताळा जमला नाही, किंवा दोघींचं पटलं नाही, की पुस्तकाचं पान आणि प्रश्नाचा क्रमांक तिथं लिहायचा. ज्या जोडीला येतं तिनं जाऊन सांगायचं, पण तोही पेन्सिल हातात न घेता. कुणालाच आलं नाही तर सकाळी शाळेत बाईंना विचारायचं. फळा चार दिवस कोरा राहिला, तर मुलींना सगळं येतंय असं मी समजत नसे. त्या पुन्हा उतरवायला लागल्या असाव्यात, हे धरून मी वह्या बघायला बसत असे.

मुलांनी मुलांना शिकवण्याचा उपयोग आपल्या देशात जुना आहे. मद्रासच्या अनाथाश्रमाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडे लहानांना सोपवलं आणि १७९७ साली लंडनला त्याचं पुस्तक छापलं. पुढे ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडमध्ये पसरली. पण तिथं एक सांगणारा आणि पुष्कळ ऐकणारे असत. दोघींमध्ये पेन्सिल फिरते तेव्हा प्रत्येकीला निम्मा वेळ सांगावंच लागतं.

आवाजाची भीती सगळ्यांना असते. वीस जोड्या बोलायला लागल्या तर बाजार भरेल, असं व्यवस्थापनातल्या लोकांना वाटत होतं. आम्ही जोड्या समोरासमोर न बसवता खांद्याला खांदा लावून बसवल्या. तोंड समोर असलं की आवाज चढतो, वही मध्ये असली की उतरतो. शेजारच्या जोडीला शब्द कळले तर आवाज मोठा, एवढंच माप मुलींना सांगितलं होतं.

मग दहा मिनिटं सुटी. पाणी प्यायचं, अंगणात यायचं, सतरंजीवर कुणी बसून राहायचं नाही. उरलेली पन्नास मिनिटं मात्र पूर्ण शांतता आणि प्रत्येकीनं एकटीनं बसायचं. निबंध, नवा धडा पहिल्यांदा वाचणं, पक्क्या वहीतलं लेखन, हे जोडीनं होत नाही. नव्या धड्यावर दोघी बोलायला लागल्या की न वाचताच बोलतात. या वेळात दर शुक्रवारी मी आठवड्यात जोडीनं केलेल्या गणितांपैकी एक, आकडे बदलून, प्रत्येकीला वेगळ्या कागदावर द्यायची. जोडीत जमलेलं एकटीला जमलं नाही, तर जोडीत कोण पाहून लिहीत होतं ते कळायचं.

धड्याचं वाक्यच नीट वाचता येत नाही अशा चार-पाच मुली दर वर्षी असायच्या. त्यांना जोडीनं काही मिळत नाही, फक्त लपायला जागा मिळते. त्यांना मी तोंडीच्या वीस मिनिटांत माझ्याजवळ घेऊन पाचवी-सहावीची पुस्तकं मोठ्यानं वाचायला लावायची.

आणि एक मुलगी बोलताना अडखळायची. व्हरांड्यातल्या फेऱ्या तिच्या जिवावर यायच्या. पहिल्या आठवड्यात ती पोटात दुखतं म्हणून खोलीत पडून राहिली. मग मी तिला पाटी दिली. प्रश्न पाटीवर लिहायचा, जोडीदारणीनं तोंडी उत्तर द्यायचं. तिची पाळी आली की उत्तरही पाटीवरच. दोघी पायऱ्यांवर दिव्याखाली बसायच्या. दहावीपर्यंत तिनं पाटी सोडली नाही. तिच्या जोडीदारणी मात्र पंधरा-पंधरा दिवसांनी बदलत गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी एक-दोन दिवसांतच तोंडी बोलायचं सोडून तिच्याच पाटीवर उत्तरं लिहायला लागायच्या.