निळोण्याचं पाणी आणि दल सरोवराचा बर्फ

यवतमाळच्या निळोणा तलावावर बर्फ कधीच धरत नाही. थंडीच्या रात्री वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बसतं. खालचं कोमट पाणी वर येतं. तलाव असा हळूहळू ढवळला जातो आणि वरचा ऑक्सिजन खालपर्यंत पोचतो.

आता काश्मीर. जानेवारी 2021 मध्ये श्रीनगरचा पारा उणे 8.4 अंशांवर गेला आणि दल सरोवर गोठलं. तिथंही सुरुवात अशीच होते, पण पाणी 4 अंशांला आलं की गणित उलटतं. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंशांला. त्याहून गार झालेलं पाणी हलकं, म्हणून ते वरच थांबतं आणि तिथंच गोठतं.

गोठताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून षटकोनी जाळी बांधतो. जाळीत पोकळ्या राहतात, म्हणून 1 लिटर पाण्याचा सुमारे 1.09 लिटर बर्फ होतो. म्हणूनच तो तरंगतो. गारपिटीतली गार बादलीत टाका, तीही वरच राहील. (बहुतेक पदार्थांचा घनरूप तुकडा स्वतःच्याच द्रवात बुडतो!)

वरचा बर्फाचा थर खालच्या पाण्याची उष्णता अडवतो. तलाव पुरेसा खोल असेल तर तळाशी 4 अंशांच्या आसपासचं पाणी उरतं आणि मासे मंदावून तिथं हिवाळा काढतात. बर्फ बुडला असता तर तलाव तळापासून बर्फानं भरत गेला असता.

मात्र हे कवच फुकट नाही. बर्फावर जाड हिम साचलं की उजेड अडतो, पाणवनस्पती ऑक्सिजन बनवेनाशा होतात आणि हवेतूनही तो मिळत नाही. उथळ तळ्यात मग मासे गुदमरतात; बर्फ वितळल्यावर ते काठाला मेलेले दिसतात.