वास्तव क्रमिकेच्या वर्णपटातली सममिती

N वास्तव संख्यांच्या क्रमिकेचे डीएफटी, म्हणजे विविक्त फूरिये रूपांतर, काढले की N संमिश्र संख्या मिळतात. प्रत्येकीला वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असल्याने माहिती दुप्पट झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वर्णपटाचा उत्तरार्ध पूर्वार्धावरून आपोआप ठरतो.

रूपांतरात क्रमिकेचे प्रत्येक पद एका फिरत्या संमिश्र घटकाने गुणले जाते. वारंवारता k साठी तो घटक ज्या दिशेने फिरतो, त्याच्या बरोबर उलट दिशेने N−k साठी फिरतो. दिशा उलटली की काल्पनिक भागाचे चिन्ह तेवढे बदलते. मूळ पदे वास्तव असल्याने त्यांच्यावर या बदलाचा परिणाम होत नाही. म्हणून X[N−k] ही X[k] ची अनुबद्ध संख्या असते. वास्तव भाग दोन्हीकडे सारखा, म्हणजे सम. काल्पनिक भाग विरुद्ध चिन्हाचा, म्हणजे विषम.

1, 2, 3, 4 ही क्रमिका घेऊ. तिचे रूपांतर असे येते:

X[0] = 10
X[1] = −2 + 2j
X[2] = −2
X[3] = −2 − 2j

X[1] आणि X[3] ही अनुबद्ध जोडी आहे. X[0] आणि X[2] स्वतःच स्वतःच्या जोडीदार असल्याने त्यांना काल्पनिक भाग असूच शकत नाही. स्वतंत्र संख्या मोजल्या तर 10, −2, 2 आणि −2 अशा चारच भरतात.

आता मूळ क्रमिकेचे सम आणि विषम भाग पाहू. त्यासाठी क्रमिका उलटायची, पण शून्यावे पद जागेवर ठेवून: 1, 4, 3, 2. मूळ आणि उलट्या क्रमिकेची बेरीज निम्मी केली की सम भाग 1, 3, 3, 3 मिळतो. वजाबाकी निम्मी केली की विषम भाग 0, −1, 0, 1. सम भागाचे रूपांतर 10, −2, −2, −2 येते आणि विषम भागाचे 0, 2j, 0, −2j. पहिला निव्वळ वर्णपटाचा वास्तव भाग आहे, दुसरा निव्वळ काल्पनिक. कोसाइन सम आणि साइन विषम असल्याने ही वाटणी होते. त्यामुळे दोन भाग वेगळे काढायला नव्याने रूपांतर करावे लागत नाही. ते एकाच वर्णपटातून वाचता येतात.

नेहमीची चूक उलटण्यात होते. 4, 3, 2, 1 अशी सरळ उलटी मांडणी केली तर सम भाग 2.5, 2.5, 2.5, 2.5 येतो. त्याच्या रूपांतरात X[0] सोडून सगळी पदे शून्य होतात आणि वास्तव भागाशी मेळ बसत नाही.

वर्णपटात फेरफार करतानाही जोडी सांभाळावी लागते. वरच्या उदाहरणात X[1] शून्य करून X[3] तसेच ठेवले, तर व्यस्त रूपांतरात पहिल्याच पदाला −0.5j हा काल्पनिक भाग चिकटतो. संगणकाच्या पूर्णांकनामुळे 10⁻¹⁶ च्या आसपासचा अवशेष राहिला तर तो सोडून देता येतो. एवढा ठळक भाग दिसला, तर जोडी तुटली आहे.