पायरीपायरीने गती, लेखांक ५ : वर्ग नेमका कोणाचा?

वेगाने जाणाऱ्या चेंडूला हवेचा जो रोध होतो तो चालीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि त्याची दिशा चेंडूच्या वेगाच्या बरोबर उलट असते. या वाक्यात दोन विधाने आहेत. संगणकावरच्या पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये पहिले विधान सगळ्यांच्या लक्षात राहते. दुसरे सूत्रात उतरवताना मात्र निसटते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातून एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने पाठवलेला प्रश्न नेमका याच जागेवरचा आहे. तो इतक्या जणांना अडतो की या आठवड्यात कबूल केलेली मध्यबिंदू पद्धत पुढे ढकलून हा सारा भाग त्यालाच दिला आहे.

प्रश्न असा : चेंडू तोच, सुरुवातीचा वेग तोच, ऑयलरची पद्धतही तीच. तिच्या प्रोग्रामप्रमाणे चेंडू ८४.७ मीटरवर पडतो, मैत्रिणीच्या प्रोग्रामप्रमाणे ७९.३ मीटरवर. पायरी बारीक करून पाहिली, ०.००१ सेकंदाची ०.०००१ केली, तरी दोघींची उत्तरे जागची हलली नाहीत. मग चूक कोणाची?

आकडे आधी ठरवून घेतलेले बरे. उदाहरणासाठी रायपूरचेच मैदान घ्यावे. नवा रायपूरमधील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात तिथला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तिथली ३० अंश सेल्सिअसची हवा धरली तर तिची घनता दर घनमीटरला सुमारे १.१२ किलोग्रॅम येते. पुरुषांच्या क्रिकेटचा नवा चेंडू नियमाप्रमाणे १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणून १६० ग्रॅम धरावेत. त्रिज्या ३.६ सेंटिमीटर, रोधगुणांक ०.४५. या सगळ्यांना एकत्र बांधणारा स्थिरांक `k = ρ·C·A/(2m)` असा आहे आणि त्याचे मूल्य सुमारे ०.००६४ प्रति मीटर येते. फलंदाजाने चेंडू ३५ मीटर प्रति सेकंद चालीने उचलला आणि त्याचे घटक आडवे २८ व उभे २१ असतील, तर हवा नसताना तो बरोबर १२० मीटरवर पडला असता.

रोधामुळे होणाऱ्या त्वरणाचे परिमाण `k·v²`. हे परिमाण वेगाच्या उलट दिशेला लावायचे, म्हणजे त्याला आडव्या दिशेत `vx/v` ने आणि उभ्या दिशेत `vy/v` ने गुणायचे. एक `v` कटतो आणि उरते ते असे :

`ax = -k·v·vx`, `ay = -g - k·v·vy`

वर्ग आहे, पण तो एका घटकाचा नाही. एक `v` पूर्ण चालीचा आणि दुसरा त्या त्या घटकाचा. ८४.७ मीटरवाल्या प्रोग्रामात मात्र `-k·vx²` आणि `-k·vy·abs(vy)` असे लिहिलेले आहे.

पहिल्याच पायरीवर दोन्ही सूत्रे चालवून पाहावीत. बरोबर सूत्रात `k·v` म्हणजे ०.००६४ × ३५ = ०.२२४. त्यावरून आडवे त्वरण −६.२७ आणि उभे −९.८ − ४.७० = −१४.५०. पायरी ०.१ सेकंदाची घेतली तर पुढचा आडवा वेग २७.३७ आणि उभा १९.५५. चुकीच्या सूत्रात आडवे त्वरण −५.०२, उभे −१२.६२, आणि पुढचे वेग २७.५० व १९.७४. फरक पहिल्या दशांशस्थळाचा. वहीत दोन्ही रकाने शेजारीशेजारी मांडले तरी संशय येणार नाही, आणि म्हणूनच ही चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते.

पण रोधाचे परिमाण काढले की बिंग फुटते. चाल ३५ असताना ते ७.८४ यायला हवे, गुरुत्वत्वरणाच्या ऐंशी टक्के. चुकीच्या घटकांवरून ते ५.७६ येते. दिशाही बिघडते. वेगाच्या घटकांचे गुणोत्तर २१/२८, म्हणजे ०.७५, चुकीच्या रोधाच्या घटकांचे ०.५६. रोध वेगाच्या रेषेत न राहता थोडा तिरका ओढतो. तोच चेंडू त्याच चालीने सरळ आडवा मारला तर हे सूत्र ७.८४ देते, ४५ अंशांवर मारला तर ५.५४. आलेखाचे अक्ष विद्यार्थ्याने कसे आखले यावर हवेचा रोध ठरू लागला. हवेला त्या अक्षांशी काही देणेघेणे नसते.

ही सवय लागते कुठून? हवा नसलेल्या प्रक्षेपकाच्या धड्यातून. तिथे आडवी आणि उभी गती खरोखरच एकमेकींपासून स्वतंत्र असतात आणि दोन वेगळी गणिते करून उत्तर बरोबर येते. स्टोक्सच्या नियमातही, म्हणजे धुक्याच्या थेंबासारख्या सूक्ष्म आणि संथ वस्तूंसाठी, रोध वेगाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असल्यामुळे घटक सुटे करता येतात. क्रिकेटच्या चेंडूचा रेनॉल्ड्स अंक मात्र या चालीला दीड लाखाच्या घरात जातो. इथे आडवा वेग जास्त असेल तर उभा रोधही वाढतो, कारण `v` मध्ये दोन्ही मिसळलेले आहेत. हेच मिश्रण या गणिताला कागदावर साध्या सूत्रात सुटू देत नाही आणि पायऱ्यांची पद्धत गरजेची करते. लिओनहार्ड ऑयलरने ही पद्धत १७६८ च्या आपल्या कलनग्रंथात मांडली. त्याच्याही आधी हवेतून जाणाऱ्या तोफगोळ्याचा मार्ग लहान लहान तुकड्यांत मोजण्याचा खटाटोप त्याने केला होता. चुकीच्या सूत्राची गंमत अशी की ते पेनाने सुटते : आडवे अंतर निव्वळ एका लॉगॅरिदममध्ये मिळते. घटक इतक्या सहज सुटे झाले असते तर ऑयलरला तुकडे पाडावे लागले नसते.

बरोबर प्रोग्राम असा :

```python
from math import hypot
g, k, dt = 9.8, 0.0064, 0.001
x, y, vx, vy, t = 0.0, 0.0, 28.0, 21.0, 0.0
while y >= 0:
    v = hypot(vx, vy)
    ax = -k * v * vx
    ay = -g - k * v * vy
    x += vx * dt
    y += vy * dt
    vx += ax * dt
    vy += ay * dt
    t += dt
print(t, x, vx, vy)
```

याने चेंडू ३.८ सेकंदांनी ७९.३ मीटरवर पडतो. सर्वाधिक उंची १७.८ मीटर, आणि तो शिखर गाठतो ४३ मीटरवर, म्हणजे निम्म्या वाटेच्या थोडे पुढे. निघाला ३७ अंशांनी, उतरतो ४७ अंशांनी. उंच झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाला चेंडू शेवटी डोक्यावरच कोसळल्यासारखा वाटतो तो यामुळे.

आता मूळ शंका. पायरी बारीक केल्यावर उत्तर स्थिरावले, म्हणजे ते बरोबरच असले पाहिजे, असे तिला वाटले. पायरी बारीक करण्याने एवढेच कळते की प्रोग्रामात लिहिलेले समीकरण नीट सोडवले गेले आहे. ते समीकरण चेंडूचे आहे की नाही हे त्यातून कधीच कळत नाही. चुकीचे समीकरणही तितक्याच इमानाने एका आकड्यावर स्थिरावते. पायरीची चाचणी हवीच. `k = 0` ठेवून ०.१ ची पायरी घेतली तर या प्रोग्रामच्या पद्धतीने उड्डाण ०.१ सेकंदाने लांबते आणि १२० च्या जागी १२३.२ मीटर येतात, तो दोष तीच दाखवते. पण समीकरणासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

पहिली सुचते ती अंतिम वेगाची. चेंडू हजार मीटरवरून नुसता सोडायचा (`y = 1000`, दोन्ही वेग शून्य) आणि उतरण्याचा वेग `√(g/k)`, म्हणजे ३९.१ मीटर प्रति सेकंदावर अडतो का ते पाहायचे. पंधरा सेकंदांत तो तिथे पोचतो. पण सुटे घटक वापरणाऱ्याने उभ्या घटकाचे चिन्ह सांभाळून `-k·vy·abs(vy)` लिहिले असेल, तर त्याचाही प्रोग्राम ही परीक्षा झोकात पास होतो! चेंडू सरळ खाली येत असताना एकच घटक शिल्लक असतो, मग गुन्हा दिसणार कुठून?

ही चाचणी पकडते ती दुसरी चूक. नुसते `-k·vy²` लिहिले की त्याचे चिन्ह कायम ऋण राहते. चढताना ठीक, पण उतरताना हवा चेंडूला वर धरण्याऐवजी खाली ढकलू लागते. हजार मीटरवरून सोडलेल्या चेंडूचा वेग मग सव्वासहा सेकंदांच्या सुमारास हजारोंच्या घरात जातो. षटकाराच्या उदाहरणात मात्र हीच चूक ८३.४ मीटर असे सभ्य उत्तर देते. तिची खूण शेवटच्या ओळीत सापडते : जमिनीवर येताना उभा वेग पुन्हा जवळजवळ २१ च असतो. रोधातून जाऊनही चेंडूने उभ्या दिशेत काहीच गमावलेले नसते. बरोबर प्रोग्राममध्ये तो १७.१ येतो.

सुट्या घटकांची चूक पकडायची तर गुरुत्व काढून टाकायचे. `g = 0` ठेवायचे, आणि चेंडू आता खाली येणारच नाही म्हणून `while` ची अट `t < 4` करायची. फक्त रोध असताना चेंडू मंदावेल पण वळणार नाही. `y/x` शेवटपर्यंत ०.७५ राहिले पाहिजे. बरोबर प्रोग्राममध्ये चार सेकंदांनंतर चेंडू जवळजवळ (८०, ६०) या बिंदूवर असतो. चुकीच्यात तो (८४.४, ६७.२) वर जातो आणि गुणोत्तर ०.८० होते. ओढायला कोणी नसताना, निव्वळ हवेने, मार्ग वर वाकला. तात्यापाऱ्याच्या दोघींनी एवढा एक आकडा छापून पाहिला की वाद मिटेल.

शेवटी `k` बद्दल. ०.४५ हा रोधगुणांक सरसकट धरलेला आहे. प्रत्यक्षात तो चेंडूच्या शिवणीवर, एका बाजूच्या घासलेपणावर आणि चालीवर अवलंबून असतो, आणि फिरणाऱ्या चेंडूवर बाजूचे बलही येते. म्हणून ७९.३ मधल्या शेवटच्या अंकाला मैदानावर फारसा अर्थ नाही. वारा असेल तर `v`, `vx`, `vy` या तिन्हींच्या जागी हवेच्या सापेक्ष वेग घालायचा, पण तो फक्त त्वरणाच्या ओळींत; `x` आणि `y` पुढे सरकवताना जमिनीच्या सापेक्ष वेगच राहतो. मध्यबिंदू पद्धत पुढच्या भागात, याच चेंडूवर आणि याच `k` ने.