जपानी पडदा, परदेशी मालक

न्यूझीलंडच्या रस्त्यांवर जपानहून आलेल्या जुन्या गाड्या सर्रास दिसतात. गाडी सुरू केली की पडद्यावर जपानी अक्षरं उमटतात. आधी 設定, म्हणजे सेटिंग्ज उघडून 言語, म्हणजे भाषा हा पर्याय शोधावा. तो नसेल तर बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही; जपानच्या बाजारासाठी बनलेल्या अनेक यंत्रांत इंग्रजी मुळात भरलेलीच नसते.

काही टोयोटा गाड्यांत नकाशाच्या एसडी कार्डावरच यंत्राची प्रणाली असते. जपानी नकाशा इथं काय कामाचा, म्हणून कार्ड फेकलं आणि पुढे बॅटरी बदलली, की पडदा तेच कार्ड मागत अडून बसतो.

भाषा बदलली तरी रेडिओचा प्रश्न उरतोच. जपानी एफएम ७६ ते ९५ मेगाहर्ट्झपर्यंत, न्यूझीलंडचं १०८ पर्यंत. अँटेनाच्या वायरीत बँड एक्स्पांडर जोडला, की ९८ वरचं केंद्र ८६ वर ऐकू येतं. सगळंच हवं असेल, तर सरळ नवा स्टिरिओ बसवावा.